हुकमी बाजू, कच्ची बाजू

पेनल्टीवर गोल झाला की समालोचक हमखास म्हणतो, "गोलरक्षक चुकीच्या बाजूला झेपावला." वाक्य खोटं नसतं, पण त्यात एक आरोप दडलेला असतो. जणू त्याने जरा नीट पाहिलं असतं तर तो बरोबर बाजूला गेला असता. प्रत्यक्षात नीट पाहायला त्याच्याकडे वेळच नसतो.

पेनल्टीचा चेंडू गोलरेषेपासून 11 मीटरवर ठेवतात. गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. ताशी 100 किलोमीटरच्या आसपास वेगाने मारलेला चेंडू हे अंतर साधारण 0.4 सेकंदात कापतो. डोळ्यांना काही दिसल्यावर शरीर हलायला लागेपर्यंत त्यातला निम्मा वेळ निघून जातो. उरलेल्या निम्म्यात मधोमध उभ्या असलेल्या माणसाने साडेतीन मीटर दूरच्या खांबापर्यंत हात पोचवायचा, हे जमण्यासारखं नाही. म्हणून चेंडू कुठे चाललाय हे पाहून झेपावणारा गोलरक्षक कोपऱ्यातली जोरदार पेनल्टी अडवू शकत नाही. पाय चेंडूला लागण्याच्या सुमारास त्याची झेप सुरू झालेली असावी लागते. शिवाय त्याआधी त्याने रेषा सोडून पुढेही यायचं नाही. 2019 मध्ये नियम असा झाला की किक बसते त्या क्षणी गोलरक्षकाचा निदान एक पाय रेषेवर किंवा रेषेच्या सरळ वर असला पाहिजे; 2022 पासून तो पाय रेषेच्या मागे असला तरी चालतो.

किक मारणाऱ्याचीही गत फारशी वेगळी नाही. धावत येऊन जोरात मारायचं ठरवलं की शेवटच्या पावलाला बाजू बदलणं अवघड. काही खेळाडू मध्येच थबकून गोलरक्षक कुठे कलतोय ते पाहतात, पण त्यात किकचा जोर जातो. तूर्त आपण जोरदार किकचाच विचार करू. म्हणजे चित्र असं होतं की दोघंही एकमेकांचा निर्णय कळण्याआधी आपापला निर्णय घेतात, आणि एकाचा फायदा तो दुसऱ्याचा नेमका तेवढाच तोटा. गेम थिअरीचा अभ्यास करणाऱ्याला असा स्वच्छ खेळ खऱ्या आयुष्यात क्वचित सापडतो. इथे वाटाघाट नाही आणि तडजोडही नाही.

आता या खेळातली अडचण पाहा. उजव्या पायाच्या खेळाडूला पायाच्या आतल्या बाजूने, अंगावरून आडवा, आपल्या डावीकडे मारणं सोपं जातं. ही त्याची हुकमी बाजू. उजवीकडे मारणं त्यामानाने अवघड, ती कच्ची बाजू. डावखुऱ्याचं याच्या उलट. मग खेळाडूने कायम हुकमी बाजूलाच का मारू नये? कारण दोन सामन्यांत गोलरक्षकाला ते कळेल आणि तो तिकडेच झेपावू लागेल. मग खेळाडूने कच्च्या बाजूला मारावं. तेही गोलरक्षकाला कळेल आणि तो तिकडे वळेल. मग पुन्हा हुकमी. हे चक्र कुठेच थांबत नाही. कोणत्याही एका ठरलेल्या निवडीवर दोघंही समाधानी आहेत, 'तू तुझं बदललं नाहीस तर मीही माझं बदलणार नाही' असं दोघांनाही म्हणता येतंय, अशी जागाच या खेळात नाही. दगड-कागद-कात्रीतही हेच होतं.

अशा खेळाला काही उत्तर आहे का, हा प्रश्न गणितज्ञांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडला. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 साली सिद्ध केलं की दोघांच्या अशा कोणत्याही खेळात, निवडीचे पर्याय मोजके असतील तर, स्थिर उत्तर असतंच. मात्र खेळाडूंना एकच चाल ठरवण्याऐवजी चालींचं प्रमाण ठरवण्याची मुभा हवी. इतक्या वेळा इकडे, इतक्या वेळा तिकडे, आणि आत्ताची वेळ कोणती हे नशिबावर सोडायचं. याला मिश्र डावपेच म्हणतात. 1950 मध्ये जॉन नॅश यांनी ही कल्पना एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा नसतो अशा खेळांपर्यंत नेली.

प्रमाण म्हटल्यावर बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा निम्मं-निम्मं येतं. ते इथे चुकीचं आहे. ते का, हे आकडे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. सुदैवाने ते आकडे आहेत. स्पॅनिश अर्थशास्त्रज्ञ इग्नासियो पालासिओस-उएर्ता यांनी 1995 ते 2000 या काळातल्या युरोपीय लीगमधल्या 1417 पेनल्टी तपासल्या आणि 2003 मध्ये निष्कर्ष छापले. डावखुऱ्यांची बाजू त्यांनी उलटवून घेतली, म्हणजे सगळ्यांची हुकमी बाजू एकाच रकान्यात येते. जवळच्या पूर्णांकात त्यांचे आकडे असे आहेत. खेळाडूने कच्च्या बाजूला मारलं आणि गोलरक्षकही तिकडेच गेला, तर 100 पैकी 58 वेळा गोल. कच्च्या बाजूला मारलं आणि गोलरक्षक उलटीकडे गेला, तर 95. हुकमी बाजूला मारलं आणि गोलरक्षक फसला, तर 93. हुकमी बाजूला मारलं आणि गोलरक्षकानेही तीच बाजू पकडली, तर 70.

गोलरक्षकाच्या जागी उभं राहून बघू. समजा तो दोन्ही बाजूंना निम्म्या-निम्म्या वेळा झेपावतो. मग खेळाडूला कच्च्या बाजूने 58 आणि 95 यांची सरासरी मिळेल, म्हणजे 76.5. हुकमी बाजूने 93 आणि 70 यांची, म्हणजे 81.5. खेळाडू मुकाट्याने कायम हुकमी बाजूला मारेल आणि 81.5 टक्के गोल करेल. म्हणजे गोलरक्षकाने हुकमी बाजूकडे जास्त वेळा जायला हवं. किती जास्त? 10 पैकी 7 वेळा जाऊन पाहू. आता हुकमी बाजूचं यश घसरून 76.9 होतं, पण कच्ची बाजू 83.9 वर जाते. खेळाडू लगेच तिकडे वळेल. उपाय जरा जास्तच झाला.

या दोन टोकांच्या मध्ये एक जागा आहे. 12 पैकी 5 वेळा कच्च्या बाजूला झेप, 7 वेळा हुकमी बाजूला. खेळाडूने कच्ची बाजू धरली तर पाच वेळा 58 आणि सात वेळा 95, बेरीज 955. हुकमी बाजू धरली तर पाच वेळा 93 आणि सात वेळा 70, बेरीज पुन्हा 955. बाराने भागल्यावर दोन्हीकडे 79.6 टक्के. खेळाडूने आता काहीही केलं तरी त्याच्या पदरात याहून जास्त पडत नाही. गोलरक्षकाला यापेक्षा चांगली हमी मिळू शकत नाही, आणि यापेक्षा वाईट कुणी त्याच्यावर लादू शकत नाही.

आता खेळाडूकडून तोच हिशेब. त्याचं प्रमाण येतं 60 पैकी 23 वेळा कच्ची बाजू आणि 37 वेळा हुकमी. गोलरक्षक कायम कच्च्या बाजूला गेला तर 23 गुणिले 58 अधिक 37 गुणिले 93, म्हणजे 4775. कायम हुकमी बाजूला गेला तर 23 गुणिले 95 अधिक 37 गुणिले 70, पुन्हा 4775. साठाने भागल्यावर तेच 79.6. दोन्ही बाजूंनी मोजून एकाच आकड्यावर येणं हा योगायोग नाही. फॉन नॉयमन यांचं प्रमेय नेमकं हेच सांगतं.

या हिशेबातली एक गोष्ट वाचताना सहज निसटते. खेळाडूचं प्रमाण काढताना आपण 'खेळाडूला काय फायद्याचं' असं विचारलंच नाही. गोलरक्षकाला दोन्ही झेपा सारख्याच पडाव्यात, एवढंच पाहिलं. गोलरक्षकाचं प्रमाण काढतानाही खेळाडूला दोन्ही किका सारख्या पडाव्यात, एवढंच. मिश्र डावपेचात आपलं प्रमाण ठरतं ते समोरच्याला बांधून ठेवण्यासाठी. आणि एकदा समोरचा योग्य प्रमाणात खेळू लागला की आत्ता, या क्षणी, आपण कुठे मारतो याने आपल्याला काहीच फरक पडत नाही. मग प्रमाण पाळायचं कशाला? कारण सोडलं तर समोरच्याला फरक पडायला लागतो, आणि तो ते वसूल करतो.

यातून एक उलटा निष्कर्ष निघतो. प्रशिक्षकांना तो पटकन पटत नाही. समजा एखाद्याची कच्ची बाजू खरोखरच कच्ची आहे. गोलरक्षक उलटीकडे गेला तरी त्याचे 100 पैकी 15 चेंडू बाहेर जातात, म्हणजे 95 ऐवजी 85 गोल. बाकीचे आकडे तेच. याचा हिशेब मांडला तर गोलरक्षक कच्च्या बाजूला 10 पैकी फक्त 3 वेळा झेपावेल. आणि खेळाडूने तिकडे 100 पैकी 46 वेळा मारायला हवं, एकूण यश 76.9 टक्के. आता त्याने महिनाभर सरावात फक्त ती बाजू घोटून घेतली आणि 85 चे 95 केले. नवं प्रमाण काय? मघाशी काढलंच की: 60 पैकी 23, म्हणजे 100 पैकी 38. ज्या बाजूचा सराव केला त्या बाजूला आता तो पूर्वीपेक्षा कमी वेळा मारतो! पैसे वाया गेले का? नाही, एकूण यश 76.9 वरून 79.6 वर आलं. झालं असं की गोलरक्षकाला आता ती बाजू धोकादायक वाटू लागली आणि तो तिकडे 30 ऐवजी 42 टक्के वेळा जाऊ लागला. त्यामुळे हुकमी बाजू मोकळी झाली. मेहनत उजवीकडे, फळ डावीकडे. सरावाचा परिणाम मोजताना 'ती किक आता किती वेळा वापरतो' हे पाहणारा प्रशिक्षक इथे हमखास चुकेल.

हे सगळं कागदावर. खरे खेळाडू असं खेळतात का? त्यांच्यापैकी कुणी समीकरण सोडवून मैदानात उतरत नाही. पण पालासिओस-उएर्ता यांच्या आकड्यांत सिद्धान्ताप्रमाणे खेळाडूंनी कच्च्या बाजूला 38.5 टक्के किका मारायला हव्या होत्या, आणि त्यांनी प्रत्यक्षात 40 टक्के मारल्या. गोलरक्षकांनी तिकडे 42 टक्के वेळा जायला हवं होतं, ते 42.3 टक्के गेले. सर्वांची सरासरी जुळली म्हणून प्रत्येक जण तसाच खेळतो असं नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून त्यांनी ज्यांच्या निदान 30 पेनल्टी नोंदल्या गेल्या होत्या असे 22 खेळाडू आणि 20 गोलरक्षक वेगळे काढून एकेकाला तपासलं. कसोटी सोपी होती. माणूस योग्य मिश्रण खेळत असेल तर त्याचं दोन्ही बाजूंचं यश सारखं असलं पाहिजे. एका बाजूला 90 आणि दुसरीकडे 70 टक्के यश दिसत असेल तर तो पहिली बाजू गरजेपेक्षा कमी वापरतोय. जवळपास सगळेच या कसोटीला उतरले. तुमच्या आवडत्या खेळाडूचे आकडे हाती लागले तर ही तपासणी घरबसल्या करता येते. फक्त दहा-बारा किकांवरून निकाल देऊ नका. एवढ्या थोड्या आकड्यांत नशीबच बोलत असतं.

दुसरी कसोटी जास्त कठीण. प्रमाण बरोबर असून भागत नाही, क्रमही बेभरवशाचा हवा. डावी, उजवी, डावी, उजवी असं मारणाऱ्याचं प्रमाण निम्मं-निम्मंच असतं, पण तिसऱ्या किकला गोलरक्षक त्याची वाट पाहत बसलेला असतो. माणसाला बेभरवशाचं वागणं जमत नाही. कागदावर छाप-काट्याची मनची यादी लिहायला सांगा. माणूस लागोपाठ चार छाप लिहायला कचरतो, 'आता काटा यायला हवा' म्हणून बदलत राहतो. मार्क वॉकर आणि जॉन वूडर्स यांनी 2001 मध्ये मोठ्या टेनिस सामन्यांतल्या सर्व्हिस तपासल्या. विम्बल्डनवरच्या खेळाडूंचं प्रमाणही सिद्धान्ताशी जुळलं, पण तेसुद्धा दिशा जरा जास्तच वेळा बदलत होते. पेनल्टी मारणाऱ्यांत मात्र हा दोष दिसला नाही. माझा अंदाज असा की दोन पेनल्टींमध्ये अनेकदा आठवडे जातात, मागची किक डोक्यात तेवढी ताजी राहत नाही. टेनिसमध्ये मागची सर्व्हिस वीस सेकंदांपूर्वीची असते.

ज्याला स्वतःवर भरवसा नाही त्याने निर्णय बाहेरच्या वस्तूवर सोपवावा. चेंडू ठेवताना मैदानावरच्या घड्याळाचे सेकंद पाहायचे. 0 ते 22 मधला आकडा दिसला तर कच्ची बाजू, 23 ते 59 मधला दिसला तर हुकमी. 60 पैकी 23, नेमकं आपलं प्रमाण. अट एकच: आकडा दिसल्यावर 'आज मन म्हणतंय डावीकडे' असं म्हणायचं नाही.

मिश्रण पाळलं नाही तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण मॉस्कोत 21 मे 2008 च्या रात्री घडलं. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध चेल्सी, 1-1 बरोबरी, पेनल्टी शूटआउट. सामन्याआधी याच पालासिओस-उएर्ता यांचा सल्ला चेल्सीचे प्रशिक्षक अव्राम ग्रँट यांच्यापर्यंत पोचला होता. युनायटेडचा गोलरक्षक एडविन व्हॅन डर सार हा खेळाडूच्या हुकमी बाजूला गरजेपेक्षा जास्त वेळा झेपावतो, असं त्यांच्या नोंदी सांगत होत्या. म्हणजे मघाच्या हिशेबातला 10 पैकी 7 वाला गोलरक्षक. त्याच्यासमोर मिश्रण खेळायची गरजच नाही. कच्च्या बाजूला मारत राहायचं. उजव्या पायाच्या खेळाडूसाठी ती गोलरक्षकाची डावी बाजू. चेल्सीचे खेळाडू एकामागून एक बहुतेक तिकडेच मारत गेले, आणि डाव लागू पडला. युनायटेडच्या रोनाल्डोची किक अडवली गेली होती, आणि जॉन टेरी चेंडू मारताना घसरला नसता तर चषक चेल्सीचा होता. त्याची किकही तिकडेच होती, गोलरक्षक उलटीकडे गेला होता, चेंडू खांबाला लागून बाहेर गेला.

मग सातव्या किकला निकोला अनेल्का आला. व्हॅन डर सारने रेषेवर उभं राहून हात लांबवले आणि बोटाने स्वतःची डावी बाजू दाखवली. तुम्ही सगळे इकडेच मारताय ना? अनेल्काचं काय झालं असेल ते त्यालाच माहीत, पण त्याने ठरलेल्या बाजूऐवजी गोलरक्षकाच्या उजवीकडे मारलं, फार उंच नाही, फार खाली नाही. व्हॅन डर सार तिकडेच गेला आणि चेंडू अडवला. युनायटेड 6-5 ने जिंकलं.

या घटनेत सल्ला चुकला असं मी म्हणणार नाही. समोरच्याचं मिश्रण बिघडलेलं आहे हे ओळखलं तर एकाच बाजूला मारणं हेच फायद्याचं. पण ती चाल जेवढ्या वेळा वापराल तेवढी तिची किंमत उतरते, कारण तिचं यश समोरच्याच्या अज्ञानावर उभं असतं आणि शूटआउटमध्ये ते अज्ञान पाच-सहा किकांतच संपतं. पहिल्या तीन किका कच्च्या बाजूला आणि मग घड्याळ बघायचं, असं काही ठरलं असतं तर अनेल्का बोटाकडे बघूनही गोंधळला नसता. त्याची किक कुठे जाणार हे त्याच्या हातातच नसतं.

आतापर्यंत मी एक बाजू गाळली: मधली. 20 जून 1976 रोजी बेलग्रेडमध्ये युरोपियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाच्या अँटोनिन पानेंकाने निर्णायक पेनल्टीला धावत येऊन चेंडू अलगद उचलून मधोमध सोडला. पश्चिम जर्मनीचा सेप मायर आधीच एका बाजूला झेपावला होता. तेव्हापासून त्या किकला पानेंकाचंच नाव आहे. मध्ये मारणं एवढं सोपं असेल तर सगळे तेच का करत नाहीत, हा प्रश्न वाचकाला पडला असेलच. पिएर-आंद्रे शियापोरी, स्टीव्हन लेव्हिट आणि टिम ग्रोजक्लोज यांनी 2002 मध्ये फ्रान्स आणि इटलीतल्या 459 पेनल्टी तपासल्या. खेळाडूंनी 17 टक्के किका मधोमध मारल्या होत्या, गोलरक्षक मात्र जेमतेम 2.4 टक्के वेळा जागेवर उभे राहिले. मधल्या किकचं यश थोडं जास्तच होतं, पण इतक्या कमी किकांत तो फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो.

फरक खरा असेल असं धरलं, तर आपल्या कसोटीप्रमाणे खेळाडू मध्ये गरजेपेक्षा कमी वेळा मारतात. मला त्यांची बाजू समजते. आपण फक्त गोल मोजले, पण खेळाडू आणखी काहीतरी मोजतो. कोपऱ्यात मारलेली किक गोलरक्षकाने झेप घेऊन अडवली तर गोलरक्षकाचं कौतुक होतं. मधोमध अलगद सोडलेला चेंडू उभ्या गोलरक्षकाच्या हातात गेला, तर खेळाडूचं हसं होतं, आणि ती चित्रफीत वर्षानुवर्षं फिरते. गोलरक्षकाचंही तसंच. झेपावून चुकला तर बिचारा प्रयत्न केला म्हणतात. जागेवर उभा राहून चुकला तर झोपला होता म्हणतात. ही किंमत रकान्यात भरली की 58, 95, 93 आणि 70 हे आकडे बदलतात, आणि आकडे बदलले की प्रमाणही बदलतं. गणित तेच राहतं. फक्त त्यात काय काय मोजायचं हे ज्याच्या पायाशी चेंडू आहे तो ठरवतो, आणि ते बाहेरून पाहणाऱ्याच्या वहीत कधी पूर्ण येत नाही.